पॉवर बँक : छापील आकडा आणि खरा भाव

दुकानात पॉवर बँक मागितली की दुकानदार दोन-तीन खोकी पुढ्यात मांडतो आणि पहिला आकडा सांगतो तो दहा हजारांचा किंवा वीस हजारांचा. हा आकडा मिलिअँपिअर-तासांचा असतो. बोलताना सारेजण त्याला एमएएच म्हणतात. गिऱ्हाईकही मनातल्या मनात किमतीला त्या आकड्याने भागते आणि जी स्वस्त पडेल ती उचलते. हा हिशेब वरवर पाहता अगदी शास्त्रशुद्ध वाटतो. माझे म्हणणे असे आहे की तो चुकीच्या राशीचा हिशेब आहे. पॉवर बँकेचा भाव ठरवायचा तर तिच्या तोंडातून प्रत्यक्ष किती ऊर्जा बाहेर पडते यावरून ठरवावा. पोटात किती विद्युतभार साठतो यावरून ठरवू नये. हे म्हणणे पटण्यासाठी नववी-दहावीच्या पुस्तकातले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

आकडा कशाचा?

एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला तर जेवढा विद्युतभार वाहून जातो त्याला आपण एक अँपिअर-तास म्हणतो. म्हणजे मिलिअँपिअर-तास हे विद्युतभाराचे एकक आहे, ऊर्जेचे नव्हे. ऊर्जा काढायची तर या विद्युतभाराला विभवांतराने गुणावे लागते. दहा अँपिअर-तास विद्युतभार किती काम करील, हे तो किती व्होल्टला मिळतो हे कळल्याशिवाय सांगताच येणार नाही. उंची न सांगता नुसते 'टाकीत हजार लिटर पाणी आहे' असे म्हटले तर त्या पाण्यावर जनित्र किती चालेल हे जसे कळत नाही, तसेच हे आहे.

पॉवर बँकेच्या पोटात लिथियम-आयन जातीचे विद्युतघट असतात. असा घट पूर्ण भारलेला असताना त्याच्या टोकांमध्ये सुमारे ४.२ व्होल्ट असतात आणि तो रिकामा होत आला की ते ३ व्होल्टच्या आसपास उतरतात. सरासरी धरली तर ३.७ व्होल्ट. खोक्यावरचा १०,००० चा आकडा या आतल्या घटांचा, या ३.७ व्होल्टला मोजलेला असतो. प्रामाणिक कारखानदाराच्या बाबतीत तो खोटा नसतो. परंतु पॉवर बँकेच्या यूएसबी तोंडातून आपल्याला ३.७ व्होल्ट मिळत नाहीत. तिथे ५ व्होल्ट मिळतात. आतला आकडा एका उंचीचा आणि माल मिळतो दुसऱ्या उंचीवर, ही खरी मेख आहे.

शंभर लिटर पाण्याची गोष्ट

समजा, ३.७ मीटर उंचीवर एक टाकी आहे आणि तिच्यात १०० लिटर पाणी आहे. हे सगळे पाणी खाली सोडून, त्याच्या ऊर्जेवर एक पंप चालवून, दुसरे पाणी ५ मीटर उंचीच्या टाकीत चढवायचे आहे. घर्षण अजिबात नाही, पंप आदर्श आहे, असे धरले तरी वर किती पाणी चढेल? ऊर्जा अक्षय्य आहे, म्हणून १०० लिटर गुणिले ३.७ भागिले ५, म्हणजे फक्त ७४ लिटर. उरलेले २६ लिटर कुठे गेले असे विचारण्यात अर्थ नाही. ऊर्जा कुठेही गेलेली नाही. उंची वाढली म्हणून पाणी कमी झाले, इतकेच.

पॉवर बँकेत नेमके हेच घडते. १०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे १० अँपिअर-तास. त्याला ३.७ व्होल्टने गुणले की ३७ वॉट-तास ऊर्जा येते. हीच ऊर्जा जशीच्या तशी ५ व्होल्टला बाहेर आली तर विद्युतभार ७.४ अँपिअर-तास, म्हणजे ७,४०० मिलिअँपिअर-तास भरेल. तेव्हा "दहा हजार लिहिले आहे आणि सात हजारच मिळतात, कंपनीने फसवले" असे जे लोक म्हणतात, त्यांचे हे म्हणणे बरोबर नाही. एवढी घट ही फसवणूक नाही आणि ऱ्हासही नाही. खरा ऱ्हास यापुढे सुरू होतो.

ऊर्जा कुठे मुरते?

विभवांतर ३.७ वरून ५ वर नेण्यासाठी पॉवर बँकेत एक छोटे परिवर्तक मंडल असते. त्यात तारेचे एक वेटोळे आणि एक इलेक्ट्रॉनिक कळ असते. ही कळ सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करते. कळ बंद असताना वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. ती उघडली की साठलेली ऊर्जा अधिक विभवांतराने बाहेर ढकलली जाते. युक्ती नामी आहे, पण फुकट नाही. वेटोळ्याच्या तारेला रोध असतो, कळेलाही असतो, खुद्द विद्युतघटालाही आतला रोध असतो. या सर्वांत उष्णता निर्माण होते. पॉवर बँक वापरात असताना हाताला कोमट लागते, ती हीच उष्णता.

ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम तुम्हाला माहीत आहे. आता पाहा, बाहेर ५ व्होल्टला २ अँपिअर, म्हणजे १० वॉट, द्यायचे असतील तर आतल्या ३.७ व्होल्टच्या घटांकडून किती प्रवाह घ्यावा लागेल? ऱ्हास नाही असे धरले तरी २.७ अँपिअर. ऱ्हास धरला तर सुमारे ३ अँपिअर. घट रिकामे होत आले आणि विभवांतर ३.२ पर्यंत उतरले की तेवढ्याच १० वॉटसाठी ३.५ अँपिअरच्या घरात प्रवाह घ्यावा लागतो. म्हणून एकच पॉवर बँक १ अँपिअरने रिती केली तर अधिक ऊर्जा देते आणि २ अँपिअरने रिती केली तर थोडी कमी देते. शिवाय घट अगदी तळापर्यंत रिकामा झाला तर तो कायमचा बिघडतो, म्हणून संरक्षक मंडल त्याआधीच पुरवठा तोडते. तळाची ती थोडी ऊर्जा आपल्या वाट्याला येतच नाही.

हे सारे वजा जाता चांगल्या पॉवर बँकेतून आतल्या ऊर्जेच्या ८० ते ९० टक्के ऊर्जा बाहेर पडते. मधला ८५ टक्क्यांचा आकडा धरू. ३७ वॉट-तासांचे ८५ टक्के म्हणजे सुमारे ३१.५ वॉट-तास. ५ व्होल्टला याचे सुमारे ६,३०० मिलिअँपिअर-तास होतात. दहा हजारांचे सहा हजार तीनशे कसे झाले, याचे हे संपूर्ण उत्तर आहे. त्यातील पहिली घट एककाच्या गैरसमजाची आणि दुसरी उष्णतेची. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या नाहीत तर डोक्यात गोंधळ उडतो.

फोनपर्यंत पोचताना आणखी थोडी ऊर्जा जाते. केबलमध्ये काही जाते, आणि फोनच्या आत ५ व्होल्ट पुन्हा खाली, फोनच्या घटाच्या विभवांतरापर्यंत उतरवावे लागतात, त्यात काही जाते. समजा फोनचा घट ५,००० मिलिअँपिअर-तासांचा व ३.८७ व्होल्टचा आहे. म्हणजे त्यात १९.३५ वॉट-तास मावतात. पॉवर बँकेच्या तोंडाशी मिळालेल्या ३१.५ वॉट-तासांपैकी वाटेत १८ टक्के गेले असे धरले तर २५.८ वॉट-तास फोनमध्ये पोचतात. म्हणजे फोन एकदा पूर्ण आणि दुसऱ्यांदा तिसऱ्या हिश्शाइतका भरेल. "दहा हजार भागिले पाच हजार, फोन दोनदा भरेल" हे दुकानातले गणित कुठे आणि हे कुठे! तारेविना, नुसते पाठीवर ठेवून फोन भरणार असाल तर हा आकडा आणखी खाली येतो, कारण दोन वेटोळ्यांमधल्या त्या देवघेवीत आणखी बरीच ऊर्जा उष्णतेत जाते.

आता भाव काढू

फोनमधला ऱ्हास सगळ्या पॉवर बँकांना सारखाच लागू आहे, म्हणून तुलना करताना तो सोडून द्यावा आणि पॉवर बँकेच्या तोंडाशी मिळणारी ऊर्जा धरावी. ही ऊर्जा कळायची कशी? बहुतेक चांगल्या पॉवर बँकांच्या पाठीवर, भिंगाने पाहावे लागेल अशा बारीक अक्षरांत, मोठ्या आकड्याच्या खाली आणखी एक आकडा असतो. इंग्रजीत त्याला 'रेटेड कपॅसिटी' म्हणतात आणि त्याच्यापुढे तो किती व्होल्टला आणि किती अँपिअरला मोजला तेही लिहिलेले असते. या आकड्याला त्याच व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॉट-तास मिळतात.

उदाहरणादाखल दोन पॉवर बँका घेऊ. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत १०,००० लिहिले आहे. पहिलीची किंमत ८९९ रुपये, दुसरीची १,०५० रुपये. छापील आकड्याने पाहिले तर दर हजार मिलिअँपिअर-तासांना पहिली सुमारे ९० रुपये आणि दुसरी १०५ रुपये पडते. साहजिकच कोणीही पहिली घेईल. आता बारीक अक्षरे वाचा. पहिलीवर लिहिले आहे ५,२०० मिलिअँपिअर-तास, ५ व्होल्ट व २ अँपिअरला. म्हणजे २६ वॉट-तास. दुसरीवर लिहिले आहे ६,५००, त्याच ५ व्होल्ट व २ अँपिअरला. म्हणजे ३२.५ वॉट-तास. किमतीला वॉट-तासांनी भागा. पहिली पडते वॉट-तासाला ३४ रुपये ५८ पैसे आणि दुसरी ३२ रुपये ३१ पैसे. महाग दिसणारी पॉवर बँक खरी स्वस्त निघाली. भुईमुगाच्या शेंगा घेताना जाणती बाई नुसता किलोचा भाव पाहत नाही, दोन शेंगा फोडून दाणा किती भरला आहे ते पाहते. आपणही तेच केले.

तुलना करताना एक पथ्य पाळावे. दोन्ही आकडे सारख्याच व्होल्टला आणि सारख्याच अँपिअरला मोजलेले असावेत. एकाने १ अँपिअरला मोजून आकडा दिला असेल आणि दुसऱ्याने ३ अँपिअरला, तर पहिल्याला आयताच फायदा मिळतो. कारण वर सांगितलेच आहे.

बारीक अक्षरे नसतील तर?

तिथे वजनकाटा कामी येतो. बोटाएवढा गोल लिथियम-आयन घट, ज्याला त्याच्या मापावरून '१८६५०' म्हणतात, सुमारे ४५ ते ४८ ग्रॅम वजनाचा असतो. या मापाच्या उत्तम घटात सुमारे ३,५०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे १२-१३ वॉट-तास मावतात. चपट्या घटांचे प्रमाणही सर्वसाधारणपणे याच घरातले असते. रसायनशास्त्राने घालून दिलेली ही मर्यादा आहे. जाहिरातीने ती ओलांडता येत नाही.

आता समजा, फुटपाथवर ७९९ रुपयांना एक पॉवर बँक आहे आणि तिच्यावर ३०,००० असे ठसठशीत छापले आहे. दुसरा आकडा कुठेच नाही. ३० अँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे १११ वॉट-तास. एवढ्या ऊर्जेसाठी उत्तमातले उत्तम घट वापरले तरी नऊ लागतील आणि नुसत्या घटांचेच वजन चारशे ग्रॅमच्या वर जाईल. वर आवरण आणि मंडल वेगळे. काट्यावर ती पॉवर बँक २३० ग्रॅम भरली तर? एवढे वजन सहसा प्रामाणिक १०,००० च्या पॉवर बँकेचे असते. तेव्हा छापील आकडा अशक्य आहे, एवढे खोके न उघडता सिद्ध झाले. आत साधे, २,००० मिलिअँपिअर-तासांचे तीन घट निघाले तर आतली ऊर्जा जेमतेम २२ वॉट-तास, आणि परिवर्तकही हलका असल्यास बाहेर येणारी १८ च्या आसपास. मग भाव पडला वॉट-तासाला ४४ रुपये! तिन्हींत महाग हीच.

मात्र वजनाची कसोटी एकाच दिशेने चालते हे विसरू नये. हलकी पॉवर बँक मोठा आकडा सांगत असेल तर ती निश्चित खोटी. पण जड आहे म्हणून ती खरी, असे म्हणता येत नाही. वजन भरण्यासाठी आत लोखंडाचा तुकडाही घालता येतो. तसेच खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीची खूण आहे ना, हे जरूर पाहावे. परंतु ती सुरक्षिततेच्या मानकाची खूण आहे, मिलिअँपिअर-तासांच्या खरेपणाची हमी नव्हे.

शाळेत करता येईल अशी मोजणी

शिक्षकांनी मनावर घेतले तर हा प्रयोग एका दिवसात होतो. दहा ओहमचे, दहा वॉट क्षमतेचे, पांढऱ्या सिरॅमिक आवरणाचे दोन रोध समांतर जोडा. मिळून पाच ओहम झाले. निकामी झालेल्या यूएसबी केबलची लाल व काळी तार त्यांना जोडा आणि पूर्ण भरलेल्या पॉवर बँकेच्या रुंद, आयताकृती तोंडात ती केबल घाला. सुमारे एक अँपिअर प्रवाह वाहू लागेल. दर अर्ध्या तासाने रोधाच्या टोकांमधले विभवांतर मल्टिमीटरने नोंदवा. विभवांतराच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती वॉटमध्ये मिळते. पुरवठा तुटेपर्यंत किती तास गेले ते पाहून गुणाकार करा.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. विभवांतर बहुतेक काळ ४.९ व्होल्ट राहिले. ४.९ चा वर्ग २४.०१, त्याला ५ ने भागले की ४.८ वॉट. पुरवठा ६ तास २० मिनिटांनी तुटला. ऊर्जा झाली ३०.४ वॉट-तास. आतल्या ३७ च्या मानाने हे ८२ टक्के झाले. पॉवर बँकेवर ५,८०० चा बारीक आकडा असेल, म्हणजे २९ वॉट-तास, तर ती आपल्या शब्दाला जागली. मात्र इथे प्रवाह एकच अँपिअर घेतला आहे, म्हणून आपला आकडा २ अँपिअरच्या छापील आकड्यापेक्षा थोडा वर येणे स्वाभाविक आहे. शिवाय बाजारातल्या रोधांत पाच टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, तेव्हा एक-दोन वॉट-तासांच्या फरकावरून कोणाला खोटे ठरवू नये. वीसऐवजी दहाच निघाले तर मात्र मोजणी पुन्हा करून दुकानदाराकडे जावे. प्रयोग चालू असताना रोध चटका बसेल इतके तापतात. ते फरशीच्या तुकड्यावर ठेवावेत, कागद-कापड दूर ठेवावे आणि शिक्षकांनी तिथे थांबावे. पॉवर बँक स्वतः उघडून आतल्या घटांशी खेळण्याचा मोह कोणीही करू नये. लिथियम घट चेपला किंवा त्याची टोके एकत्र आली तर तो पेट घेतो.

मग आकडा कोणता छापावा?

कारखानदारांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो. घटांची क्षमता ही ठाम राशी आहे. बाहेर मिळणारी ऊर्जा मात्र वापरावर अवलंबून असते, मग ती छापायची कशी? युक्तिवाद अर्धाच खरा आहे. मोजण्याची अट ठरवली की आकडाही ठाम होतो, आणि बारीक अक्षरांत ते स्वतःच अटीसह तो छापतात. जो आकडा पाठीवर छापता येतो तो पोटावर छापायला काय हरकत आहे? विमान कंपन्यांचे पाहा. हातातल्या सामानात पॉवर बँक न्यायची असेल तर पूर्वपरवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतच चालते, असा नियम आहे. सुरक्षिततेचा प्रश्न आला तेव्हा सर्वांनी ऊर्जेचेच माप धरले, कारण आग लागली तर मिलिअँपिअर-तास नव्हे, ऊर्जाच बाहेर पडते. विमानात ज्या मापाला किंमत आहे ते माप दुकानात दडवण्याचे कारण नाही.

खोक्याच्या दर्शनी भागावर 'बाहेर मिळणारी ऊर्जा : इतके वॉट-तास, ५ व्होल्ट व २ अँपिअरला' एवढी एक ओळ सक्तीची झाली, तर वर सांगितलेला सगळा खटाटोप कोणालाही करावा लागणार नाही. ती ओळ येईपर्यंत पॉवर बँक घेताना तीनच गोष्टी करा. पाठीवरचा बारीक आकडा शोधा, त्याला त्याच्या व्होल्टने गुणून हजाराने भागा, आणि येतील त्या वॉट-तासांनी किमतीला भागा. बारीक आकडा सापडला नाही तर दुकानदाराला तसे स्पष्ट सांगा आणि ती पॉवर बँक परत ठेवा.